कागदावरचं हसू

गेली काही वर्षं माझं पोट लोकांच्या 'आलोच'वर चालतं. पुण्याची एक कंपनी मला इंग्रजीतल्या गप्पा पाठवते आणि मी जळगावात घरी बसून त्या मराठीत आणते. कधी मोबाइलवरच्या खेळातली पात्रं एकमेकांशी बोलत असतात, कधी एखाद्या ॲपमधले मित्र. अलीकडे तर मराठी माणसं चॅटवर कशी बोलतात हे संगणकाला शिकवायचं म्हणूनही ढिगानं वाक्यं येतात. अट एकच असते, वाचणाऱ्याला हे मुळात इंग्रजी होतं अशी शंकासुद्धा यायला नको.

ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? आमच्या गल्लीत अजूनही मला 'ती मोबाइलवर टाइमपास करून पैसे कमावते' असं म्हणतात. म्हणू देत. पण ज्याला वाटतं हे सोपं आहे त्यानं एक दिवस माझ्या खुर्चीत बसून दाखवावं. इंग्रजीत पोरं 'brb' अशी तीन अक्षरं टाकतात आणि उठतात. त्याचं मराठी मित्र असेल तर 'आलोच', मैत्रीण असेल तर 'आलेच', दारावरची बेल वाजली असेल तर 'थांब हं', आणि साहेबांशी बोलणं चालू असेल तर 'एक मिनिट सर'. 'idk' चं कधी 'काय माहीत', कधी 'माहीत नाही गं', कधी नुसतं 'कळेना'. 'nvm' म्हणजे 'जाऊ दे'. 'tbh' म्हणजे 'खरं सांगू का'. कोण कुणाला म्हणतंय आणि त्याच्या आधी काय घडलंय हे बघितल्याशिवाय यातलं एकही अक्षर मराठीत येत नाही.

सगळ्यात छळवादी आहे ते 'lol'. त्याचं पूर्ण रूप नेटवर बघितलं तर 'मोठ्यानं हसणे' असं मिळतं, आणि शंभरातल्या नव्वद वेळा तिथे कुणीही हसत नसतं. पोरं ते वाक्याच्या शेवटी टाकतात ते बोलणं टोचू नये म्हणून. घाबरलं तरी टाकतात, लाज वाटली तरी टाकतात, उशीर झाला म्हणून माफी मागतानाही टाकतात. आपल्याकडे ते काम 'रे', 'गं', 'ना', 'बाई' असले शब्द करतात. म्हणून मी बरेचदा 'lol' खोडते आणि वाक्यात एक 'ना' घालते. मग पुण्याहून तपासणारा कुणीतरी लाल शेरा मारून पाठवतो, 'एक शब्द सुटला आहे.' मी त्याला उत्तर लिहिते, तो पुन्हा लिहितो, मी पुन्हा लिहिते. यावरून माझी डोकेफोड कायमचीच आहे. पण ती डोकेफोड कामापुरतीच होती. त्यानं कुणाचं घर जळत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीचा अमळनेरहून फोन आला. ती फोनवर कधी रडत नाही, त्या दिवशी रडत होती. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, धुळ्याला सासरी होती. लग्नाआधी ती आणि तिचा नवरा दोघं पुण्यात एकाच कंपनीत होते. लग्नानंतर सासूबाई धुळ्यात एकट्या पडल्या, तेव्हा 'तू घरून काम करू शकतेस' असं म्हणून भाचीला धुळ्यात ठेवलं आणि नवरा पुण्यात राहिला. त्याचंही काम घरून होण्यासारखंच होतं, पण तो विषय कुणी काढला नाही. दीडेक वर्ष तिनं ते केलं. मग दोघांत खटके उडायला लागले, आणि एक दिवस नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं.

"आता बैठक ठेवलीय धुळ्याला," बहीण म्हणाली. "दोन्हीकडची मोठी माणसं बसणारेत. आणि त्यांच्याकडून एक कागद आलाय. त्यात लिहिलंय की सासू पडली तेव्हा माझी पोरगी हसली."

"कुठे हसली?"

"मोबाइलवर. तूच बघ ताई. मला तर काही समजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भाची एकटीच जळगावला माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकच्या फाइलमध्ये तो कागद. आल्या आल्या तिनं तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. मी वाचू लागले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नवऱ्यानं दोघांच्या व्हॉट्सॲपवरच्या गप्पा त्याच्या चुलतभावाला दिल्या होत्या. हा चुलतभाऊ एका कचेरीत पत्रव्यवहार बघतो. बैठकीतल्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यानं त्या मराठीत करून, टाइप करून, प्रती काढून वाटल्या होत्या. घरातल्या लोकांच्या मते त्याचं मराठी 'एकदम शुद्ध' आहे. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या त्या दिवसाचं पान असं होतं:

पत्नी: अरे देवा. आई पडल्या. काय करावे ते मला माहीत नाही. (मोठ्याने हसते.) कृपया दूरध्वनी करा.

पती: मी सभेत आहे. लवकरच परत येईन.

पत्नी: त्या उठू शकत नाहीत.

पत्नी: पर्वा नाही. शेजाऱ्यांना बोलावते. मला गेले पाहिजे.

पती: क्षमस्व. एकामागून एक सभा होत्या. आई कशी आहे? काळजी घे.

पत्नी: ठीक.

मी ते तीनदा वाचलं. म्हातारी बाई ओल्या फरशीवर पडलीय, तिचं खुब्याचं हाड मोडलंय, आणि कागदावरची सून कंसात मोठ्यानं हसतेय. 'त्या उठू शकत नाहीत' याच्या लगेच खाली 'पर्वा नाही'. आणि त्यावर कडी म्हणजे 'मला गेले पाहिजे'. आमच्याकडे बाई कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली तरी 'येते' म्हणते, आजारी माणसाच्या उशाशी बसून 'जाते' म्हणायची कुणाची छाती होत नाही. हे वाचून त्या म्हाताऱ्यांनी सुनेबद्दल काय मत केलं असेल ते मला कळत होतं. मी ह्या पोरीला लहानपणापासून ओळखते, तरी त्या कागदावरची बाई मलाही आवडली नाही.

"मूळ चॅट आहे ना तुझ्याकडे?" मी विचारलं.

तिनं मोबाइल पुढे केला. मी एकेक ओळ कागदाशी ताडून बघत गेले. चुलतभावानं काय केलं होतं ते लगेच दिसलं. त्यानं प्रत्येक आखूड अक्षराचं पूर्ण रूप नेटवर शोधलं, त्या इंग्रजी शब्दांचं एकेक करून मराठी केलं आणि ते कचेरीतल्या पत्रासारखं मांडलं. तिथवर मी समजू शकले असते. अडाणीपणा असतो माणसाचा. पण मग मी संध्याकाळच्या मेसेजवर आले. नवऱ्यानं लिहिलं होतं: 'lol sorry. mtg after mtg. hws aai? tc'.

त्याच्याही वाक्यात 'lol' होतं! अगदी सुरुवातीलाच. आई पडल्यानंतर कितीतरी वेळानं चिरंजीव उगवले आणि पहिला शब्द तोच. आणि शुद्ध मराठीवाल्या चुलतभावानं तो अलगद उचलून बाजूला ठेवला होता. सुनेचं हसू कंसात छापलं, मुलाचं हसू गिळलं. मी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की भाची दचकली.

"हे बघितलंस तू?"

"बघितलं," ती म्हणाली. "मावशी, त्यालाही त्याचा अर्थ माहीत आहे. तो सोळा वर्षांचा असल्यापासून तसंच लिहितो. मी हसले नव्हते हे त्याला त्या क्षणी माहीत होतं. तरी त्यानं हा कागद वाटू दिला."

या एका गोष्टीनं मला जेवढा संताप आला तेवढा बाकी कशानं आला नाही. चुलतभावाला समजलं नसेल, म्हाताऱ्यांना समजणं शक्यच नव्हतं. पण ज्याला कळत होतं तो गप्प बसला. दोष देऊन बायकोला घालवता आलं तर बैठकीत आपल्याला कुणी प्रश्न विचारणार नाही, हा त्याचा हिशेब.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. मी तिला आधीच सांगितलं, "मी एकही शब्द गोड करणार नाही. तू कुठे कडू बोलली असशील तर ते कडूच राहील."

"राहू दे," ती म्हणाली.

ओळ घ्यायची, तेव्हा काय चाललं होतं ते तिला विचारायचं, आणि हीच पोरगी तेच मराठीत टाइप करत असती तर काय लिहिलं असतं ते ठरवायचं, असं आमचं काम चाललं. माझं रोजचंच काम, पण रोज समोर खोटी माणसं असतात.

"'idk wht to do lol' लिहिताना तू कुठे होतीस?"

"बाथरूममध्येच. खाली बसले होते. एका हातानं त्यांना धरलं होतं, दुसऱ्या हातानं टाइप करत होते. फोन लावला तर तो कट करत होता."

"मग ते 'lol' कशाला?"

"तो चिडू नये म्हणून. मीटिंगमध्ये त्रास दिला की चिडायचा. मला वाटलं, मी घाबरलेय असं दिसलं तर म्हणेल, तुला साधं काही सांभाळता येत नाही."

मी लिहिलं: 'काय करू सुचतच नाहीये रे. फोन कर ना.' तो 'रे' आणि तो 'ना' तिच्या 'lol' चा होता. 'nvm' चं 'जाऊ दे' केलं. 'gtg' चं 'चल, पळते'. संध्याकाळच्या 'k' वर मात्र आमचं अडलं. मला 'बरं' लिहावंसं वाटलं, तीच म्हणाली, "नाही मावशी, मी तेव्हा खूप रागात होते. 'हं' लिही." मी 'हं' लिहिलं. पुढे एके ठिकाणी तिनं सासरच्यांना उद्देशून 'smh ur family' असं टाकलं होतं. चुलतभावानं त्याचं 'तुझे कुटुंब, मी मान हलवते' असं काहीतरी करून ठेवलं होतं, बैठकीत कुणाला त्याचा अर्थही लागला नसता. मी त्याचं 'तुझ्या घरच्यांपुढे तर हात टेकले बाबा' असं केलं. तिच्या बाजूचं नव्हतं ते, पण तिनं तेच म्हटलं होतं.

आणि नवऱ्याच्या 'lol sorry' चं मी 'अरे सॉरी ना' केलं. त्यालाही हसायला लावायचं नव्हतं मला. खरं सांगायचं तर फार मनात आलं होतं की कंसात 'मोठ्याने हसतो' असं छापून त्याच्या आईच्या हातात द्यावं. पण त्याचं ते हसू नव्हतं, ओशाळेपण होतं, आणि माझ्या कामात मी खोटं लिहीत नाही.

बहीण आदल्या दिवशीच जळगावला आली होती. बैठकीच्या दिवशी आम्ही तिघी, बहीण, भाची आणि मी, एसटीनं धुळ्याला गेलो. पारोळ्यापर्यंत उन्हाच्या झळांनी जीव नकोसा झाला. बहीण वाटभर मला समजावत होती, तिथे आवाज चढवू नकोस, बायकांनी चढवलेला आवाज त्यांना चालत नाही. मी म्हटलं, बघते.

भाचीच्या सासरी हॉलमध्ये सतरंजी घातली होती. मुलाकडचे वडीलधारे नाना भिंतीला टेकून मधोमध बसले होते. आमच्याकडून भाचीचे चुलत आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, आधीच येऊन बसले होते. चुलतभाऊ प्रतींचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी नवरा, मोबाइलमध्ये डोकं घालून. सासूबाई आतल्या दारात खुर्चीवर होत्या, वॉकर बाजूला. भाचीनं जाऊन त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

नानांनी अहिराणीत सरळ विषयाला हात घातला. "सासू पडनी आन ही हासनी, असं लिखेल शे आठे. हाऊ काय प्रकार शे? असं आपला घरमा व्हत नही."

आबा बिचारे काय बोलणार? त्यांच्या हातातही तोच कागद होता. ते म्हणाले, "पोर तशी नही शे, नाना."

"मंग हाई काय शे?" नानांनी कागदावर बोट आपटलं.

मी म्हटलं, "नाना, मी बोलू का? लोकांच्या मोबाइलवरच्या इंग्रजी गप्पा मराठीत करायचं काम मी रोज करते. पोटापाण्याचं काम आहे माझं ते. हा कागद चुकीचा आहे."

चुलतभाऊ तयारच होता. "चुकीचा कसा? मी प्रत्येक शब्द तपासून घेतलेला आहे. त्या अक्षरांचा अर्थ मोठ्याने हसणे असाच आहे. आपण कुठेही बघू शकता."

"बघितलंय. मग हे सांगा, हिच्या ओळीत ते आलं तेव्हा तुम्ही कंसात हसू घातलंत. संध्याकाळच्या मेसेजमध्ये तुमच्या भावानंही तेच लिहिलंय. पहिलाच शब्द. तुमच्या कागदात त्याचं हसू कुठे आहे?"

तो कागद चाळू लागला. "ते टंकलेखनात सुटलेलं असावं."

"टंकलेखनात?" बहिणीनं माझा पदर ओढला, पण माझा आवाज चढायचा तो चढलाच. "सुनेचं हसू कंसात नेमकं बसतं आणि पोराचं टंकलेखनात सुटतं? एक काय ते ठरवा. हसले असतील तर दोघं हसले. म्हणजे आई फरशीवर पडली असताना सून हसली आणि आईची विचारपूस करताना मुलगा हसला. नाहीतर दोघंही हसले नाहीत. मी सांगते, दोघंही हसले नाहीत. पोरं ते सवयीनं टाकतात, बोलणं बोचू नये म्हणून. पण एकटी सून हसली, हे चालणार नाही. मी चालू देणार नाही."

नानांनी चष्मा चढवून कागद पुन्हा डोळ्यांशी धरला, जणू सुटलेला शब्द तिथे कुठेतरी सापडणार होता. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "खरं शे का हाई? तू बी तेच लिखं व्हतं?"

तो म्हणाला, "नाना, चॅटवर सगळेच लिहितात. त्याला काही अर्थ नसतो."

"मग तिच्या वेळी अर्थ कुठून आला?" मी विचारलं.

मी माझा कागद काढला आणि दोघांचं बोलणं मोठ्यानं वाचलं. 'अरे, आई पडल्यात. काय करू सुचतच नाहीये रे. फोन कर ना.' 'मीटिंगमध्ये आहे, आलोच.' 'त्यांना उठता येत नाहीये.' 'जाऊ दे. शेजारच्यांना बोलावते. चल, पळते.' पुढचं 'तुझ्या घरच्यांपुढे हात टेकले' हेही वाचलं. नानांच्या कपाळाला आठी पडली, पण माणूस चिडून बोलतो तसं ते बोलणं होतं आणि त्यांना ते पटकन कळलं. चुलतभाऊ मधेच म्हणाला, "हे फारच घरगुती झालं. मूळ मजकुराचं गांभीर्य यात येत नाही." मी त्याला सांगितलं, "नवराबायको एकमेकांना अर्ज लिहीत नसतात हो."

तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"तू सांग," त्या मुलाला म्हणाल्या. "इंग्लिश राहू दे. कागद बी राहू दे. मन्हासंगे जसा बोलस तसा सांग. ही म्हनी फोन कर, तवय तू काय लिखं व्हतं?"

"आई, मी मीटिंगमध्ये होतो."

"काय लिखं व्हतं?"

त्यानं खाली बघत सांगितलं, "मीटिंगमध्ये आहे, आलोच."

"मंग उना का?"

चुलतभावाच्या कागदात 'लवकरच परत येईन' होतं, ते भारदस्त होतं, त्यात कुणी जाब विचारावा असं काही दिसत नव्हतं. 'आलोच' म्हणणारा माणूस मात्र आला की नाही हे घरातलं कुणीही विचारतं. आणि तो आला नव्हता. फोन करायलाही नाही, आणि नंतर धुळ्याला यायला तर पुढचा शनिवार उजाडला. तो काहीतरी पुटपुटला, मीटिंग, क्लायंट, रेंज. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. नानांनी कागदाची घडी घातली आणि चुलतभावाच्या मांडीवर टाकली.

मला वाटलं, जिंकलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी छाती फुगली माझी. बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. आबा पहिल्यांदा नीट मांडी घालून बसले. नाना म्हणू लागले की झालं गेलं विसरा, पोरीनं आता घरी यावं, मुलगाही काहीतरी व्यवस्था करील. चहाचीही हाक गेली.

सासूबाईंनी भाचीकडे हात पुढे केला. "बेटा, त्यास्नी माले तो कागद दखाडा. तठे तसंच लिखेल व्हतं. माले वाटनं, खरंच शे."

भाची जागची हलली नाही. ती चिडलेली नव्हती, रडतही नव्हती. आवाज अगदी साधा होता, पण बसलेल्या प्रत्येकाला ऐकू गेला.

"आई, मी हसत होते की नाही, हे तुम्हाला कागदावर बघावं लागलं? तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

सासूबाईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. इतक्या दिवसांत हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. मी सगळा राग अक्षरांवर काढत बसले होते. ती उठली, स्वतःच्या आईचा हात धरला आणि चपला घालायला बाहेर गेली. चहा यायच्या आत आम्ही तिघी रस्त्यावर होतो.